अँड्रॉइडचा सेफ मोड: बिघाड फोनचा की एखाद्या ॲपचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेफ मोड म्हणजे नेमकं काय होतं?

फोन नेहमीसारखाच सुरू होतो, फक्त तुम्ही नंतर टाकलेलं एकही ॲप त्यात चालत नाही. कारखान्यातून जे ॲप फोनच्या मूळ प्रणालीचा भाग म्हणून आले, म्हणजे कॉल, मेसेज, कॅमेरा, सेटिंग्ज, प्ले स्टोअर, ते सगळे चालू राहतात. व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप, गेम, वेगळा कीबोर्ड, वेगळा लाँचर, हे तिथेच असतात पण गप्प. त्यांची चिन्हं करडी दिसतात किंवा दिसतच नाहीत. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात `Safe mode` असं लिहिलेलं येतं.

या एका फरकामुळे चाचणी करता येते. त्रास सेफ मोडमध्येही तसाच राहिला, तर तुम्ही टाकलेली ॲप्स त्याला जबाबदार नाहीत, कारण ती चालूच नव्हती. त्रास गायब झाला, तर संशय ॲपवर जातो. पण या दुसऱ्या निष्कर्षात एक खोच आहे, ती पुढे बॅटरीच्या प्रश्नात सांगितली आहे.

माझे फोटो, चॅट, नंबर उडतील का?

नाही. सेफ मोड काहीही पुसत नाही. पुसतो तो फॅक्टरी रीसेट, आणि अनेकदा लोक घाबरून थेट तिकडेच जातात. सेफ मोड त्याच्या आधी करायची गोष्ट आहे.

दोन-तीन गोष्टी मात्र विस्कटू शकतात. होम स्क्रीनवर घड्याळ, हवामान, कॅलेंडर असे विजेट लावले असतील तर ते निघून जाऊ शकतात, म्हणून आधी होम स्क्रीनचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. वेगळा कीबोर्ड वापरत असाल तर परत आल्यावर तो पुन्हा निवडावा लागू शकतो. आणि अलार्म बाहेरून घेतलेल्या ॲपमध्ये लावला असेल, औषधाची वेळ सांगणारं ॲप असेल, किंवा साखर मोजणाऱ्या सेन्सरचं ॲप असेल, तर तेही सेफ मोडमध्ये बंद असणार. अशा घरात ही चाचणी रात्रभर लावून ठेवू नका.

फोन पुन्हा सुरू झाल्यावर पिन किंवा पॅटर्न लागतोच, बोटाचा ठसा चालत नाही. पिन आठवत असल्याची खात्री आधी करा.

सेफ मोडमध्ये जायचं कसं?

सर्वांत सोपी रीत बंद करण्याच्या मेनूमधून आहे. पॉवर बटण दाबून धरा. काही फोनांवर त्यामुळे आवाजी सहायक उघडतो, तिथे पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबावं लागतं: पिक्सेलवर आवाज वाढवायचं, सॅमसंगवर आवाज कमी करायचं. स्क्रीनवर `Power off` आलं की त्यावर नुसतं टेकवू नका, बोट दाबून धरा. सेफ मोडमध्ये सुरू करू का असं फोन विचारतो, किंवा सॅमसंगवर `Safe mode` असं गोल चिन्ह येतं. होकार द्या.

ज्या फोनांच्या मेनूत ही सोय नाही, किंवा फोन लॉक स्क्रीनपर्यंत पोचायच्या आतच पुन्हा पुन्हा बंद होतो, तिथे बटणांची रीत वापरतात. फोन पूर्ण बंद करा. पॉवर दाबून सुरू करा. कंपनीचं नाव झळकलं की पॉवर सोडा आणि आवाज कमी करायचं बटण धरून ठेवा, ते लॉक स्क्रीन येईपर्यंत सोडू नका.

इथे क्रम महत्त्वाचा. दोन्ही बटणं पहिल्यापासून एकत्र धरली तर शाओमी, पिक्सेल आणि इतर बऱ्याच फोनांवर फास्टबूट नावाची वेगळीच स्क्रीन उघडते. तसं झालं तर काही निवडत बसू नका. पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद सलग धरा, फोन नेहमीसारखा सुरू होईल, मग पुन्हा प्रयत्न करा.

सेफ मोडमध्ये गेलो, पण नेटवर्कच नाही. फोन बिघडला का?

बहुधा नाही. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये सेफ मोड सुरू होताना विमान मोड आपोआप चालू होऊ शकतो. वरून पट्टी खाली ओढा आणि तो बंद करा. नेट आणि कॉल परत येतील.

ही छोटी गोष्ट चाचणीच बिघडवू शकते, म्हणून मी ती मुद्दाम वेगळी लिहिली आहे. विमान मोड चालू असताना फोन थंड राहतो, बॅटरी टिकते, आणि माणूस ठरवून टाकतो की ॲपच दोषी होतं. प्रत्यक्षात बंद होता तो फोनचा नेटवर्क पकडणारा रेडिओ.

किती वेळ बघायचं?

त्रास किती वेळाने येतो त्यावर अवलंबून आहे. टच चालत नाही, स्क्रीन काळी होते, अशा सतत दिसणाऱ्या गोष्टी पाच मिनिटांत कळतात. पण फोन साधारण दिवसातून एकदा आपोआप बंद होत असेल, तर सेफ मोडमध्ये एक दिवस शांत गेला यावरून काही सिद्ध होत नाही, तो दिवस नुसता नशिबाचाही असू शकतो. एरवी दोन त्रासांमध्ये जितका वेळ जातो त्याच्या निदान तिप्पट वेळ थांबा.

तीन दिवस व्हॉट्सॲपशिवाय राहणं कुणालाच परवडत नाही, हे खरं आहे. दुसरा जुना फोन हाताशी असेल तर सिम त्यात घालून बघणं बरं पडतं. नसेल तर सेफ मोड बाजूला ठेवा आणि खाली दिलेली निम्मी-निम्मी ॲप्स थांबवायची रीत वापरा.

सेफ मोडमध्ये बॅटरी छान टिकली. म्हणजे ॲपच बॅटरी खात होतं ना?

इतक्या लवकर नाही. सेफ मोडमध्ये सगळीच ॲप्स बंद असतात, चांगली आणि वाईट. निरोगी फोनची बॅटरीही तिथे जास्तच टिकणार. बॅटरी आणि उष्णता या दोन तक्रारींसाठी सेफ मोडचं उत्तर एकाच बाजूने भरवशाचं आहे. विमान मोड बंद आहे, फोन नुसता टेबलावर ठेवला आहे, सेफ मोड चालू आहे, आणि तरीही फोन गरम होतो किंवा झरझर उतरतो, तर दोष बॅटरीत, बोर्डात किंवा मूळ प्रणालीत आहे. हे उत्तर पक्कं. उलट्या बाजूने मात्र नुसता संशय मिळतो.

आपोआप बंद होणाऱ्या फोनचंही तसंच. जुनी, थकलेली बॅटरी हलक्या कामावर तग धरते आणि कॅमेरा किंवा गेम उघडला की एकदम जास्त करंट मागितल्यावर कोसळते. सेफ मोडमध्ये तुम्ही हलकंच काम करता, म्हणून फोन शांत राहतो आणि ॲपवर खोटा आळ येतो. यावर उपाय असा की सेफ मोडमध्येही फोनवर भार टाका: फोनचा स्वतःचा कॅमेरा उघडून दहा मिनिटं व्हिडिओ घ्या, उजेड पूर्ण ठेवा, टॉर्च लावा. अशा भाराखाली फोन विझला तर ॲप काढत बसू नका, बॅटरी तपासून घ्या.

एखादं खरं उदाहरण सांगाल का?

आमच्या ओळखीच्या एका काकांच्या फोनवर उजव्या कडेची बोटभर पट्टी मेली होती. कीबोर्डवरचं खोडायचं बटण आणि एंटर, दोन्ही त्याच कडेला असतात, म्हणून त्यांना चुकलेलं अक्षर खोडता येईना. त्यांनी स्क्रीनगार्ड काढून पाहिलं होतं. दुकानदाराने डिस्प्ले बदलावा लागेल म्हणून सांगितलं होतं.

डिस्प्लेचा दोष आहे का, हे पाहायला आधी फोन आडवा केला. काचेतला टच मेला असेल तर मेलेली जागा काचेवर जिथे आहे तिथेच राहते. म्हणजे आडव्या फोनवर ती वरच्या किंवा खालच्या कडेला जायला हवी. इथे मात्र पट्टी पुन्हा नव्या उजव्या कडेला येऊन बसली. काच अशी जागा बदलत नाही, सॉफ्टवेअर बदलतं.

मग सेफ मोड. काकांचं आवाजाचं बटण झिजलेलं होतं, त्यामुळे बटणांची रीत जमेना. पण `Power off` दाबून धरल्यावर मेनूतून जाता आलं. सेफ मोडमध्ये फोनसोबत आलेल्या मेसेजच्या ॲपमध्ये चार ओळी लिहून खोडल्या. खोडायचं बटण पहिल्याच टेकवण्याला चाललं. साध्या मोडमध्ये परत आल्यावर पट्टी पुन्हा मेली. सेफ मोडमध्ये पुन्हा गेलो, पुन्हा जिवंत. एकदाचा बदल योगायोग असू शकतो, म्हणून हे जाणं-येणं दोनदा करावं.

आता कोणतं ॲप, हा प्रश्न राहिला. इतर ॲप्सच्या वर स्वतःची खिडकी काढायला अँड्रॉइडमध्ये वेगळी परवानगी लागते. सेटिंग्जच्या शोधात `Display over other apps` लिहिलं की ती यादी येते. सॅमसंगवर तिचं नाव `Appear on top` आहे. काकांच्या यादीत पाच ॲप्सना परवानगी होती. एकेकाची काढत गेलो आणि तिसऱ्याला पट्टी जिवंत झाली. ते ॲप स्क्रीनच्या कडेला आवाजाचं तरंगतं बटण देणारं होतं. भौतिक बटण झिजलं म्हणून काकांनीच ते टाकलं होतं. बटण लहान दिसत होतं, पण त्याची न दिसणारी खिडकी कडेच्या बऱ्याच भागावर पसरलेली होती आणि त्या भागावरचा प्रत्येक स्पर्श तीच गिळत होती.

ॲप काढलं. आवाजासाठी अँड्रॉइडचा स्वतःचा `Accessibility Menu` चालू करून दिला, त्यात आवाज कमी-जास्त करायची मोठी बटणं असतात. डिस्प्ले बदलावा लागला नाही.

टच काचेचाच गेला आहे हे ओळखायची आणखी पक्की खूण आहे का?

आहे. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत `Build number` वर सात वेळा टेकवा, डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात `Pointer location` चालू करा. आता बोट जिथे जिथे फिरेल तिथे रेघ उमटते. बोट न उचलता सगळ्या स्क्रीनवर सावकाश आडव्या रेघा मारा. रेघ एका ठराविक पट्ट्यात तुटत असेल तर काच स्पर्श ओळखतच नाही, तो दुरुस्तीचा विषय. रेघ अखंड उमटते पण तिथलं बटण मात्र दबत नाही, तर स्पर्श फोनपर्यंत पोचतो आहे आणि मध्येच कुणीतरी तो घेतं आहे. काम झाल्यावर पर्याय बंद करा, नाहीतर रेघा दिसतच राहतील.

माझा त्रास बँकेच्या ॲपमध्येच येतो. ते तर सेफ मोडमध्ये उघडतच नाही. मग?

मग सेफ मोडने त्या ॲपबद्दल थेट काही कळणार नाही. जे चालतच नाही त्याची चाचणी होत नाही. अशा वेळी तोच त्रास मूळ ॲपमध्ये कुठे दिसतो का ते शोधा. पैशांची ॲप्स आणि परवानगी विचारणाऱ्या चौकटी, वर दुसऱ्या ॲपची खिडकी असेल तर स्पर्श मुद्दाम नाकारू शकतात, कुणी फसवून टेकवायला लावू नये म्हणून. निळा प्रकाश कमी करणारं, स्क्रीनवर पिवळट थर चढवणारं ॲप असेल तर पेमेंटचं बटण न दबण्याचं कारण ते असू शकतं. आधी तो थर बंद करून बघा, सेफ मोडची गरजही पडणार नाही.

सेफ मोडमध्ये त्रास गेला. आता ऐंशी ॲप्समधून एक कसं शोधू?

त्रास कधी सुरू झाला ते आठवा आणि त्याच्या आसपास टाकलेली किंवा अपडेट झालेली ॲप्स आधी बघा. कॉम्प्युटरवर `adb` हे अँड्रॉइडचं साधन असेल आणि फोनच्या डेव्हलपर पर्यायांतून यूएसबी डीबगिंग चालू करता येत असेल, तर ही आज्ञा फक्त बाहेरून टाकलेल्या ॲप्सची यादी देते, आणि प्रत्येक ॲप कुठून आलं तेही सांगते:

```
adb shell pm list packages -3 -i
```

ज्यापुढे `installer=com.android.vending` आहे ते प्ले स्टोअरमधून आलं. ज्यापुढे `null` किंवा दुसरं काही आहे त्याकडे आधी लक्ष द्या, पण नुसत्या तेवढ्यावरून त्याला दोषी ठरवू नका.

यादीतलं एकेक ॲप काढत बसण्यापेक्षा अर्धी-अर्धी विभागणी वेळ वाचवते. संशयित सोळा असतील तर आठ ॲप्सच्या माहितीत जाऊन `Force stop` दाबा आणि त्यांना उघडू नका. असं थांबवलेलं ॲप सहसा तुम्ही स्वतः उघडेपर्यंत झोपलेलं राहतं, फोन पुन्हा सुरू केला तरी. त्रास गेला तर दोषी त्या आठांत, नाही गेला तर उरलेल्या आठांत. चार फेऱ्यांत एकावर येता आणि कुठलाही डेटा जात नाही. या रीतीला अपवाद आहेत: कीबोर्ड, विजेट, लाइव्ह वॉलपेपर आणि सुलभतेची, म्हणजे `Accessibility` ची, परवानगी घेतलेली ॲप्स. त्यांना प्रणालीच पुन्हा जागं करू शकते. ती आधी सेटिंग्जमधून बाजूला करा.

ॲप काढायची वेळ आली तर चॅट, ओटीपी तयार करणारी ॲप्स आणि पेमेंट ॲप्स सगळ्यात शेवटी घ्या. चॅटचा बॅकअप, ओटीपी ॲपमधली खाती दुसरीकडे हलवणं, हे काढण्याआधी. नंतर ते होत नाही.

सेफ मोडमध्येही त्रास तसाच आहे. म्हणजे हार्डवेअरच?

घाई करू नका. सेफ मोड मूळ ॲप्सना थांबवत नाही, आणि त्यांना आलेली अपडेट्सही तशीच लागू राहतात. मार्च 2021 मध्ये जगभर अँड्रॉइड फोनांवर जीमेलसह अनेक ॲप्स उघडताच बंद पडू लागली होती. कारण होतं `Android System WebView` या, ॲपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या मूळ घटकाचं सदोष अपडेट. तो प्रणालीचाच भाग, त्यामुळे सेफ मोडने तो बाजूला होत नाही. तेव्हा त्या घटकाची अपडेट्स काढून लोकांनी काम चालवलं आणि मग गूगलने दुरुस्त आवृत्ती दिली. एकाच वेळी अनेक असंबद्ध ॲप्स कोसळत असतील तर हा प्रकार मनात ठेवा.

लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती आणि बातम्यांचंही असंच. आपल्याकडे बऱ्याच स्वस्त फोनांत अशी सोय कारखान्यातूनच येते. ती सेफ मोडमध्येही दिसू शकते आणि ती सेटिंग्जमधूनच बंद करावी लागते.

हे वगळल्यावर, सेफ मोडमध्येही टिकणारा त्रास चार्जरशिवाय, मेमरी कार्ड काढून आणि कव्हर काढून एकदा तपासा. हलक्या चार्जरवर स्क्रीन आपोआप टेकवल्यासारखी वागते, हे नेहमी दिसतं. तरीही राहिला तर दुरुस्तीला न्या, आणि सेफ मोडमध्येही असं होतं हे तिथे सांगा.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून आलेली एपीके, म्हणजे ॲप टाकणारी फाइल, उघडली. आता ते ॲप काढूच देत नाही.

हा प्रकार वेगळा आहे आणि यात वेळ महत्त्वाचा. अशी ॲप्स सुलभतेची परवानगी मिळवतात, आणि तुम्ही काढायच्या पानावर गेलात की आपणच मागे जायचं बटण दाबतात. त्यामुळे पान उघडतं आणि लगेच मिटतं. सेफ मोडमध्ये ते ॲप चालत नसल्याने ही चाल अडते.

आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. मग सेफ मोडमध्ये जा, नेट बंदच ठेवा. सेटिंग्जच्या शोधात `Device admin apps` लिहा, यादीत ते ॲप असेल तर त्याचा अधिकार काढा, नाहीतर काढायचं बटण करडंच राहतं. त्यानंतर ॲप्सच्या यादीतून काढून टाका. त्याला चिन्ह नसेल, नाव कोरं असेल किंवा सरकारी खात्यासारखं असेल. शेवटी टाकलेलं कोणतं ते बघा.

इथे सेफ मोड फक्त ॲप काढून देतो. त्या ॲपने आधीच वाचलेले ओटीपी आणि पासवर्ड तो परत आणत नाही. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. खात्री वाटत नसेल तर फोटो दुसरीकडे साठवून घेऊन फॅक्टरी रीसेट करणं हाच योग्य निर्णय, आणि इथे मी तोच सुचवेन.

सेफ मोडमधून बाहेर कसं यायचं? फोन पुन्हा पुन्हा त्यातच सुरू होतो.

साधारणपणे फोन रिस्टार्ट केला की झालं. काही फोनांवर वरच्या पट्टीत सेफ मोड चालू असल्याची सूचना असते, तिच्यावर टेकवूनही बाहेर येता येतं.

रिस्टार्ट करूनही तिथेच परत येत असाल तर बहुधा आवाज कमी करायचं बटण अडकलं आहे. घट्ट कव्हर त्याला दाबत असतं किंवा कडेत धूळ-तेल बसलेलं असतं. स्क्रीनवर आवाजाची पट्टी आपोआप खाली घसरताना दिसली तर शंका नको. कव्हर काढा, बटण हलक्या हाताने अनेक वेळा दाबून मोकळं करा, कोरड्या मऊ ब्रशने कड साफ करा आणि मग रिस्टार्ट करा.

माझ्या फोनवर सेफ मोडचा पर्याय येतच नाही.

कार्यालयाने दिलेल्या फोनवर प्रशासक सेफ मोड बंद करून ठेवू शकतो, अँड्रॉइडमध्ये तशी अधिकृत सोय आहे. हप्त्यावर घेतलेल्या फोनवर कर्ज देणाऱ्याचं लॉकचं ॲप असेल तर तिथेही हेच असू शकतं. अशा फोनवर निम्मी-निम्मी ॲप्स थांबवायची रीत चालते, आणि कार्यालयाच्या फोनचं असेल तर आयटी विभागाला सांगून त्यांच्याकडून सेफ मोड तात्पुरता उघडून घेता येतो.